दाराआडची बाई

विश्रामबागच्या माझ्या क्लासात इंग्रजीच्या परीक्षेचा सराव चालू होता. रिकामी जागा भरायची होती: '___ वुमन इज स्टँडिंग बिहाइंड द डोअर.' पहिल्यांदाच उल्लेख, म्हणजे 'अ' हवं. बाई आधीपासून माहितीची असेल तरच 'द'. दहा वेळा घोकून घेतलं होतं. तरी अकराही वह्यांत 'द'!

मी भडकले. "अक्कल गहाण टाकलीय का? कुणाच्या ओळखीची आहे ही बाई?"

विट्याची क्रांती मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, आमी रोज बघतोय की तिला. तुमच्या मागनंच आत येती आन् दाराआड उभी ऱ्हाती."

मी दाराकडे पाहिलं नाही. लाल पेन उचललं आणि अकराही वह्यांत बरोबरची खूण केली.