ओव्याला वास नाही

वाळूजच्या मसाला कारखान्यात वाफेनं माल निर्जंतुक करायचं यंत्र कारभारी नावाचे जुने कामगार चालवत. तरुणपणी शहागंजच्या बाजारात ओवा-धने निवडून त्यांचं नाक तयार झालं होतं. विशाखा प्रयोगशाळेत नवी लागली तेव्हा तळहातावर ओवा चुरडून त्याची प्रत कशी ओळखायची, हे त्यांनीच तिला शिकवलं. ती त्यांना काका म्हणे.

त्या हिवाळ्यात काका तापानं तीन आठवडे घरी पडून होते. परत आले ते वाळलेले आणि गप्प.

फेब्रुवारीत परदेशी जाणारा ओवा वाफेतून निघाला. विशाखानं नमुना पाण्यात उकळून त्यातलं तेल काचेच्या नळीत उतरवलं. कच्च्या मालात शंभर ग्रॅमला साडेतीन मिली तेल होतं. वाफेनंतरही तेवढंच भरलं. वाफ थोडं तरी तेल नेतेच, त्यामुळं तिला खटकलं. पण माल पहिल्या प्रतीत बसत होता, म्हणून ती काही बोलली नाही. पाचव्या दिवशी जंतूंच्या तपासणीत साल्मोनेला निघाला.

तिनं यंत्राचा आलेख काढून पाहिला. एकशे दोन अंशांवर चार मिनिटं वाफ द्यायची होती. दिली होती जेमतेम दीड मिनिट. आधीचे दोन घाणेही तसेच. नशीब, माल अजून गोदामातच होता.

साहेबांकडं जाण्याआधी ती काकांकडं गेली. त्यांनी काही नाकारलं नाही.

"वास मरायला लागला होता, पोरी," ते म्हणाले. "दार उघडलं की कायच येईना. वाटलं, वाफ जास्त व्हतीय. म्हणून कमी करत गेलो."

विशाखानं तेलाची बाटली आणून त्यांच्या नाकाशी धरली. तिचे स्वतःचे डोळे चुरचुरत होते. काकांनी लांब श्वास घेतला.

"पाणी हाय का यात?"

तिनं बाटलीला बूच लावलं. तिच्या चेहऱ्याकडं बघता बघता त्यांना कळलं, आणि ते तिथंच पोत्यावर बसले. मग म्हणाले, "वाफेचं लिही. चूक माझीच हाय. पण नाकाचं नको लिहू."

तिनं तसंच लिहिलं. हलगर्जीपणा म्हणून कारखान्यानं त्यांना काढून टाकलं. आजारपण लिहिलं असतं तर कदाचित दुसरं काम मिळालं असतं, हे तिला माहीत होतं. तिन्ही घाणे परत वाफेतून काढले. तेल कमी झालं आणि माल दुसऱ्या प्रतीत गेला.

महिन्याभरानं ती सिल्लोडला त्यांच्या घरी गेली. द्वारकाकाकू चुलीवर फोडणीचं भांडं ठेवून दारात भाजीवालीशी बोलत होत्या. काका चुलीपाशीच बसून विशाखाला तिच्या आईची तब्येत विचारत होते. जिरं करपलं, धूर त्यांच्या पाठीमागं पसरला, तरी ते बोलतच राहिले. विशाखा उठली आणि भांडं खाली उतरवलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काका," ती म्हणाली.