बाराचे आठ

रुजू होण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती जेवणाचं टेबल पुसून तिथेच लॅपटॉप उघडून बसली. विमा कंपनीतली नोकरी होती, क्लेम विभागाची प्रमुख म्हणून. आधीची कंपनी बंद पडल्यावर आठ महिने घरी बसून, मुलाखती देऊन देऊन जीव मेटाकुटीला आल्यावर ती मिळाली होती. नव्या साहेबांनी सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी टीमला एक छोटा मेल टाका. तुम्ही कोण, काय केलंय, एवढंच. लोक वाट बघताहेत."

छोटा मेल. तिने पाच वेळा लिहिला आणि पाच वेळा पुसला.

"काय लिहिलंयस?" नवऱ्याने मागून डोकावून वाचलं. "'मला अजून खूप शिकायचंय, सांभाळून घ्या'? अगं, तू प्रमुख म्हणून चाललीयस की शिकाऊ म्हणून? बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. तू केलेलं एखादं ठोस काम लिही. आकडा असू दे त्यात."

मग तिने आकडा लिहिला. मागच्या कंपनीत बारा जणांचं काम तिने आठ जणांत बसवलं होतं आणि क्लेमचा निकाल लागायला निम्मा वेळ लागू लागला होता. खाली तिने आणखी एक वाक्य घातलं: मोकळ्या झालेल्या चौघांना मी स्वतः खटपट करून दुसऱ्या विभागांत चांगल्या जागा मिळवून दिल्या. त्या चौघांपैकी एकीने जाताना तिला मिठी मारली होती. तिला स्वतःला त्या कामातल्या याच गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान होता.

तिने फोनवर आईला सगळा मेल वाचून दाखवला.

"बाकी छान आहे," आई म्हणाली, "पण ते शेवटचं काढ बाई. मी याला नोकरी दिली, मी त्याचं भलं केलं, हे आपल्या तोंडाने सांगू नये. उपकार बोलून दाखवल्यासारखं वाटतं."

आईचं तिला पटलं. तिने ते वाक्य काढलं. त्याऐवजी लिहिलं: 'याचं श्रेय त्या टीमचं. इथलं काम तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, ते मला तुमच्याकडून शिकायचं आहे. या आठवड्यात प्रत्येकाशी अर्धा तास बोलायला आवडेल.' मेल दहा ओळींत बसला. ना तोरा, ना लाचारी. नवऱ्याने वाचून अंगठा वर केला.

सोमवारी ऑफिसचं खातं सुरू झाल्याबरोबर तिने तो पाठवला. 'स्वागत आहे', 'वेलकम मॅडम' अशी दोन-तीन उत्तरं आली आणि मग काहीच नाही. तिला वाटलं, लोक कामात असतील. मंगळवार-बुधवार एचआरच्या प्रशिक्षणात गेले. जेवायच्या वेळी ती टीमच्या टेबलापाशी गेली की आधी बोलणं थांबायचं आणि मग डबे बंद व्हायचे.

गुरुवारी तिने भेटी सुरू केल्या. पहिला मान सगळ्यात जुन्या माणसाचा. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. केस पांढरे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. ते दारातच उभे राहिले.

"बसा ना अण्णा."

"बसतो. पण माझ्यावर वेळ घालवू नका मॅडम. मी परवाच अर्ज टाकलाय. स्वेच्छानिवृत्तीचा."

कंपनीची तशी योजना चालू होती, एवढं तिला प्रशिक्षणात कळलं होतं. अर्ज करायची किंवा मागे घ्यायची मुदत उद्यापर्यंत होती.

"पण तुमची अजून तीन वर्षं आहेत ना? अचानक का?"

तिला खरंच कळलेलं नाही, हे अण्णांच्या ध्यानात आलं असावं.

"या विभागात आम्ही किती जण आहोत, माहितीये तुम्हाला? बारा. मोजून बारा. तुमचा मेल वाचला आणि त्या दिवशी कोणाचा घास घशाखाली उतरला नाही. बाराचे आठ करायचे म्हटल्यावर पहिला नंबर कोणाचा, ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा? म्हटलं, हाकलून देण्याआधी आपल्या पायाने जावं."

"अण्णा, तिथे कोणाचीच नोकरी गेली नव्हती. चौघांना मी दुसरीकडे जागा मिळवून दिल्या. चांगल्या जागा."

"मग तसं लिहिलं का नाहीत?"

"मोठेपणा वाटेल म्हणून काढलं."

"मॅडम," अण्णा सावकाश म्हणाले, "मोठेपणा त्याच्या आधीच्या ओळीत होता."

ती घाईघाईने म्हणाली, "अर्ज मागे घ्या. उद्यापर्यंत घेता येतो. मी आत्ता साहेबांशी बोलते आणि सगळ्यांना खुलाशाचा मेलही टाकते."

अण्णांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "खरं म्हणता? थांबा, घरी सांगतो. बायको दोन दिवस जेवली नाहीये." आणि तिच्यासमोरच त्यांनी फोन लावला.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा ते हसून म्हणाले, "या! मेल झकास होता हं तुमचा. मी वरच्यांना पाठवला. म्हटलं, बघा, योग्य माणूस आणलाय."

तिने घडलेलं सांगितलं. खुलासा पाठवायची परवानगी मागितली. "कोणाला काढणार नाही, एवढं एक वाक्य."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "असं लिहू नका. वर्षअखेर तुम्हाला आठच माणसं मिळणार आहेत. मुलाखतीत तुम्हीच हे उदाहरण दिलंत ना? मला वाटलं, तुम्ही समजून आला आहात."

"आणि बाकीचे चार? दुसऱ्या विभागात..."

"दुसऱ्या विभागांतही तेच चाललंय."

"अण्णांना मी अर्ज मागे घ्यायला सांगितलंय."

"कशाला? योजनेतून गेले तर निदान हातात काहीतरी पडेल. नंतर काढायच्या यादीत आले तर तेही नाही. त्यांचं भलं व्हावं असं वाटत असेल तर गप्प बसा. आणि हे बाहेर बोलू नका."

ती परत आली तेव्हा अण्णा तिच्या खोलीतच बसले होते. फोन अजून हातात होता. बाहेरचे दोघे-तिघे कान टवकारून बसले होते. अण्णांनी त्यांनाही सांगितलं असणार.

तिने दार लोटलं. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं ती विसरली.

"अण्णा, अर्ज... राहू द्या."

"म्हणजे?"

"मागे घेऊ नका. यापेक्षा जास्त मला बोलता येत नाही."

अण्णा उठले. "बरं केलंत सांगितलंत ते," म्हणाले. दारापाशी थांबून त्यांनी फोनकडे पाहिलं आणि तो खिशात टाकला. "घरी गेल्यावरच सांगतो. फोनवर नको."

महिन्याअखेर ते गेले. निरोपाला केक आणला होता, पण सुरी कोणी हातात घेईना. शेवटी तिनेच कापला आणि सगळ्यांनी तो कागदी बशीत घेऊन आपापल्या जागी नेला.

दरम्यानच्या दिवसांत बाकीच्या अकरा जणांच्या भेटी झाल्या. तिला त्यांच्याकडून काम समजून घ्यायचं होतं, अडचणी विचारायच्या होत्या. पण जो येई तो आपण रोज किती क्लेम हातावेगळे करतो ते आधी सांगे. एकाने आजारपणाची रजा कधीच घेतली नाही म्हणून सांगितलं. बाळंतपणाहून नुकतीच परतलेली एक मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली होती. "मॅडम, मी आणखी एकाचं काम घेऊ शकते," ती म्हणाली. "दोघांचंसुद्धा."

"तसं काही नाहीये," असं म्हणायला तिने तोंड उघडलं. मग मान खाली घालून राहणाऱ्या आठांच्या यादीत त्या मुलीचं नाव लिहून घेतलं.