गयासाठी लिहिलेली ओळ

दादाला मी तेव्हाच बजावलं होतं, की आईच्या व्हिडिओखालच्या ओळींना हात लावू नकोस. पण इंद्रजित म्हणजे इंद्रजित! ऐकेल तर शपथ.

आई नागपूरहून कार्डिफला आमच्याकडे राहायला आली, ती एक अर्धवट गाणं घेऊन. तरुणपणी तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, गयामावशीनं, वस्तीतल्या भीमजयंतीसाठी ते रचलेलं. शेवटचं कडवं गयामावशीचं, आणि तेच आई विसरलेली. मावशी लग्न होऊन गेली ती गेलीच, पत्ता नाही. दादानं आईचं गाणं इन्स्टाग्रामवर टाकलं. खाली आईनं सांगितलं तसं मी देवनागरीत लिहिलं, ‘गया, शेवटचं कडवं तू रचलं होतंस. मी शांता. असशील तिथून कळव.’

लोक कमी आले, पण आले ते बसून बोलल्यासारखे. वर्ध्याच्या एका बाईंनी आईची चाल चुकतेय म्हणून चक्क दटावलं. आई काय खूश!

दादाचं मात्र पोट भरेना. “धम्मा, हे सरकारी नोटिशीसारखं वाटतं गं. इथली आपली पोरं देवनागरी बघूनच पुढे सरकतात.” आणि पेज एकसारखं दिसावं म्हणून पठ्ठ्यानं जुन्या ओळीसुद्धा बदलल्या. ‘Gaya mavshi, kuthe aahes? Last kadva pls!’

व्हिडिओ धावला, खोटं कशाला बोलू. बर्मिंगहॅमपासून पुण्यापर्यंत पोरांनी बदाम पाठवले, ‘aaji cutie’ म्हणाले. आईनं चष्मा पुसून विचारलं, “माझ्या गाण्याखाली काय लिहिलंय रे?” दादानं वाचून दाखवलं. “मी गयाला मावशी कधी म्हटलं?” एवढंच ती बोलली.

परवा लेस्टरहून एका मुलीचा मेसेज आला, रोमनमध्येच. ती गयामावशीची नात. तिची आजी तिकडे गावी रोज फोनमध्ये बोलून शोधायची, ‘शांता, गया, जयंतीचं गाणं’. बोललेलं फोन देवनागरीत उमटवायचा, आणि आमच्याकडे देवनागरीचं एक अक्षर उरलेलं नव्हतं. आजी गेल्या महिन्यात वारली. नातीला हा व्हिडिओ आदल्याच दिवशी दिसला होता. कडवं तिला ठाऊक नाही.

माझा संताप संताप झाला. दादाकडे बघितलं, तर तो रडत होता. मीच तो मेसेज आईला वाचून दाखवला.

दादानं फोन उचलला. “आई, आत्ताच्या आत्ता परत तुझं होतं तसं लिहितो.”

“राहू दे आता,” आई म्हणाली. “गयाच्या नातीला माझं वाचता येत नाही.”