आलेखाची कापलेली सुरुवात

या विश्वात काहीच पूर्ण संपत नाही. भाची मात्र सकाळी साडेदहालाच संपली होती. अकराला भौतिकशास्त्राची फेरपरीक्षा होती, तीही शेवटची संधी. केंद्राच्या पायरीवर ती शिक्षिका मावशीला मोबाइलमधला जुन्या प्रश्नपत्रिकेचा फोटो दाखवत होती. फोटो काढणाऱ्या मैत्रिणीने किरणोत्सारी ऱ्हासाच्या आलेखाची डावी कडच कापली होती.

"चोवीस दिवसांत कितवा भाग उरेल, विचारलंय. सुरुवातच दिसत नाही. मेले मी."

"मर, पण आधी वक्र बघ. दिसतोय त्या बिंदूवर काय लिहिलंय?"

"पाचवा दिवस, चारशे."

"आणि दोनशे?"

"अकराव्या दिवशी."

"म्हणजे अर्धायुष्य सहा दिवस. कुठूनही मोज, सहाच भरतील. मग चोवीस दिवसांत?"

"सहात अर्धं गेलं, बारात सगळंच." भाचीचा आवाज चिरकला. "दोन्ही वेळा हेच लिहून नापास झाले."

"अगं बाई, दर वेळी उरलेल्याचं निम्मं होतं, मूळच्याचं नाही."

भाचीने बोटांवर मोजलं. अर्धा, पाव, अष्टमांश.

"सोळावा भाग?"

मावशीने मान डोलावली. घंटा वाजली. भाची डोळे पुसत दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मावशी, पेन आहे का गं?"