तळातून वर आलेलं पाणी

उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर निलंग्याची सुमय्या आणि तिचा वर्गमित्र, शिरूर अनंतपाळचा व्यंकटी, दोघं थेट कारवार गाठून बसले. किनाऱ्याजवळ जाळीच्या तरंगत्या पिंजऱ्यांत त्यांनी जिताडा मासा वाढवायला घेतला. माशाला त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलं.

पावसाळा सरता सरता तारली माशांचे थवे आले. मासेमारांच्या होड्या काठोकाठ भरून येऊ लागल्या आणि व्यंकटी खुशीत आला.

"दर्या लई मेहरबान हाय. जिताड्यालाबी अजून थोडं वजन धरू दे, मग काढू."

सुमय्यानं मात्र ऑक्सिजन मोजायचं यंत्र केबलनं खाली सोडलं. वर ठीक होतं. खाली जाईल तसा आकडा उतरत गेला, तळाशी शून्याजवळ येऊन थांबला. वर ओढलेली ओली केबल हाताला गार लागली.

"तळाचं पाणी वर येऊन राहिलंय, व्यंकटी. मासे आजच काढू."

"त्याच पाण्यानं तर तारली आणली ना?"

"हाव, त्यानंच. उत्तरेचा वारा किनाऱ्याला धरून वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यानं वरचं पाणी बाहेर सरकतं, अन् त्याची जागा भरायला खालचं गार पाणी चढतं. मेलेलं सगळं खाली बसून कुजतं, त्याचं खत त्या पाण्यात असतं. ते उजेडात आलं की बारीक शेवाळ माजतं, त्यावर तारली तुटून पडते. पण कुजण्यातच त्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. तारली वरच्या पाण्यात पळते. आपले मासे कुठं पळतील?"

व्यंकटीनं केबल गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "पिंजऱ्यापर्यंत चढायचं न्हाई ते. उगं घाबरून राहिलीस तू."

सुमय्यानं पुढं बोलायला हवं होतं. ती दमली होती, आणि त्याचं म्हणणं खरं ठरावं असं तिलाही वाटत होतं. तिनं होकारार्थी मान हलवली.

दोन दिवसांनी पहाटे ते होडीनं गेले, तर जिताडे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. व्यंकटीनं हवेचा पंप लावला, तिनं नांगराचे दोर सोडले, होडीनं पिंजरे त्या पाण्याबाहेर ओढायचा प्रयत्न केला. पिंजरे जडच्या जड, हलेनात. उन्हं वर आली तेव्हा पांढऱ्या पोटांनी जाळी भरून गेली होती.

दिवसभर दोघं मेलेले मासे उपसत राहिले. शेजारून तारलीनं लदलेल्या होड्या जात होत्या. एका मासेमारानं हात वर केला, मग पिंजऱ्यांकडं बघून खाली घेतला.

"मी ऐकायला पायजे होतं," व्यंकटी म्हणाला.

"मी हट्ट धरायला पायजे होता," ती म्हणाली.

आठवड्याभरात व्यंकटी गावाकडं निघून गेला. सुमय्या रिकाम्या जाळ्या घासत किनाऱ्यावर राहिली. निलंग्याहून अब्बांचा फोन आला, "बेटा, मासे कसे आहेत?" तिनं फोन कानाला धरूनच पुढची जाळी घासायला घेतली.