तीनदा लिहायची दुरुस्ती

मिस युलाली अलेक्सिस ग्रेनव्हिल गावच्या शाळेत बावीस वर्षं व्यापारी गणित शिकवत होत्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांचे दोन नियम पोरांच्या अंगवळणी पडले होते. पहिला असा की नफा-तोट्याचं गणित सुटलं तरी उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. खरेदी किंमत शंभर डॉलर धरायची, एकेक पायरी खाली उतरत यायचं आणि शेवटी हातात काय उरलं ते बघायचं. दुसरा नियम चुकणाऱ्यांसाठी होता. बरोबर उत्तर लाल शाईने तीनदा लिहायचं आणि खाली सही करायची. रडायचं असेल तर सही झाल्यावर.

ऑगस्टच्या एका शनिवारी सकाळी त्या नव्या वर्षासाठी जुनी सराव-पत्रिका पुन्हा टाइप करायला बसल्या. आठवं गणित त्यांचं लाडकं. वीस टक्के आणि त्यावर आणखी दहा टक्के सूट म्हणजे एकूण किती? दरवर्षी निम्मा वर्ग तीस म्हणायचा आणि मिस खूश व्हायच्या. शंभराचे ऐंशी, ऐंशीतले आठ गेले की बहात्तर, म्हणजे सूट अठ्ठावीस. नववं गणित त्याच्याच पुढचं होतं. दुकानदाराने खरेदीवर चाळीस टक्के चढवून किंमत लावली आणि तिच्यावर हीच लागोपाठ सूट दिली. नफा शेकडा किती? त्यांच्या उत्तरपत्रिकेत बारा होतं.

बाकीची उत्तरं शंभरावर तपासून झाली होती, म्हणून सहज हेही घेतलं. खरेदी शंभर. चढवून एकशेचाळीस. वीस टक्के गेले, एकशेबारा. त्यातले दहा टक्के गेले, शंभर डॉलर ऐंशी सेंट.

मिसनी चष्मा पुसला आणि पुन्हा केलं. आकडा तोच आला. नफा शेकडा ऐंशी सेंट, म्हणजे शून्य पूर्णांक आठ टक्के. चाळिसातून अठ्ठावीस वजा करताना त्यांना हे सुचलं नव्हतं की चाळीस टक्के शंभराचे होते आणि अठ्ठावीस टक्के एकशेचाळीसचे. म्हणजे एकोणचाळीस डॉलर वीस सेंट. ही चूक एखाद्या पोराने केली असती तर मिसनी त्याला आख्ख्या वर्गासमोर सोलून काढलं असतं.

मग त्यांना गेल्या वर्षीच्या वर्गातली डेनेल आठवली.

गेल्या वर्षी डेनेलने या गणिताचं उत्तर शून्य पूर्णांक आठ लिहिलं होतं. मिसनी फुली मारली, चार गुण कापले. मधल्या सुट्टीत पोरगी कागद घेऊन आली तेव्हा मिस खारवलेला मासा घातलेला बेक, म्हणजे तळलेला पाव, खात होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं होतं, "उत्तरपत्रिका कुणी केली, तू की मी?" पोरगी गेली आणि दुरुस्ती करून आणली. या पत्रिकेचे गुण वार्षिक निकालात धरले जात, आणि त्यात पहिल्या येणाऱ्याला एका घाऊक व्यापाऱ्याच्या कचेरीत पगारी जागा मिळत असे. डेनेल दोन गुणांनी मागे पडली. जागा तिच्याच वर्गातल्या केव्हॉनला मिळाली, ज्याने निमूटपणे बारा लिहिलं होतं. डेनेल मग तिच्या टँटीच्या, म्हणजे मावशीच्या, शाळेच्या बुटांच्या गाळ्यावर बसायला लागली.

गाळा बाजारात, दहा मिनिटांवर. मिस तशाच निघाल्या. मिसनी वाटेत मनाशी सगळं ठरवलं. पोरीला बाजूला घ्यायचं, हळूच सांगायचं, मुख्याध्यापकांना पत्र लिहायचं. बुटांचा एक जोडही घ्यायचा, भाच्याला होईल. स्वतःची चूक खालच्या आवाजात कबूल करायची सोय त्या शोधत होत्या, हे त्यांना कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

गाळ्यावर पुठ्ठ्याची पाटी होती. वीस टक्के सूट, त्यावर आणखी दहा टक्के. अक्षर डेनेलचं. पाटीमागे टँटी मर्ल कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचा आवाज मासळीच्या ओट्यांपर्यंत जात होता आणि मासळीवाल्या हातातलं काम थांबवून ऐकत होत्या.

"साठ जोड विकलेस. जोडामागे सहा डॉलर सुटतील हे तूच सांगितलंस, मी नाही. तीनशेसाठ व्हायला हवेत. डब्यात माझ्या मुद्दलावर चोवीस आहेत. तीनशेछत्तीस डॉलर काय बुटांत पाय घालून चालत गेले?"

"मी घेतले नाहीत, टँटी."

"मग कुणी घेतले? माझ्या बहिणीची लेक म्हणून डबा तुझ्या हातात दिला."

डेनेलच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पुष्कळ दिवस हेच ऐकत असावी अशी ती उभी होती. मिसना पाहून ती सावरली आणि सवयीने म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस."

मिसच्या मनात क्षणभर आलं, बूट घ्यावेत आणि निघावं, सोमवारी बघू. असं मनात आलं हे त्यांना पुढे कित्येक रात्री आठवत राहिलं. मग त्यांनी विचारलं, जोड कितीला आणता?

पन्नासला, डेनेल म्हणाली. चाळीस टक्के चढवून सत्तर लावते. सूट जाऊन बारा टक्के सुटतात, म्हणजे सहा. ती म्हणाली, "तुमचंच गणित आहे, मिस. नववं."

तिने गाळ्याखालून वही काढली. आत सराव-पत्रिका जपून चिकटवलेली होती. नवव्या गणितापुढे खोडलेलं शून्य पूर्णांक आठ अजून वाचता येत होतं. त्याखाली लाल शाईने बारा, बारा, बारा, आणि तिची सही.

गुण गेले, जागा गेली, इथवर मिसनी हिशेब केला होता. पोरीने बरोबर उत्तर टाकून देऊन आपण लादलेलं चुकीचं उत्तर पोटासाठी वापरलं असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मर्ल, पोरीने एक सेंटही घेतलेला नाही," मिस म्हणाल्या. आवाज खालचा ठेवायचं ठरलं होतं, पण तो मासळीवाल्यांना ऐकू गेला. त्यांनी बुटाचं खोकं उलटं केलं आणि त्यावर लिहीत गेल्या. सत्तरातले वीस टक्के म्हणजे चौदा. राहिले छप्पन. छप्पनातले दहा टक्के पाच डॉलर साठ सेंट. राहिले पन्नास डॉलर चाळीस सेंट. जोडामागे चाळीस सेंट. साठ जोडांचे चोवीस डॉलर.

टँटीने डब्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. "मग ते तीनशेछत्तीस?"

"कधी नव्हतेच. चूक माझी होती. वर्षभरापूर्वी हिने बरोबर लिहिलं होतं, मी ते खोडायला लावलं."

टँटी मर्लने पदपथावरचं स्टूल ओढलं आणि बसली. भाचीकडे बघायचं धाडस तिला होईना. तिने पुठ्ठ्याची पाटी काढून मांडीवर पालथी ठेवली.

डेनेल मात्र खोक्यावरचे आकडे बोटाने वरून खाली वाचत होती. पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाली, "मी घरीसुद्धा शंभर धरून केलं होतं, मिस. चारदा. दर वेळी शंभर डॉलर ऐंशीच यायचे. वाटलं, मलाच करता येत नाही."

मिसनी माफी मागायचे शब्द वाटेत जुळवले होते, त्यातला एकही या वाक्यापुढे उभा राहीना. डेनेलने वही त्यांच्याकडे सरकवली. आपल्या पेन्सिलींच्या डब्यातलं लाल पेन काढलं आणि वहीवर ठेवलं.

मिसनी उभ्या उभ्याच लिहिलं. शून्य पूर्णांक आठ. शून्य पूर्णांक आठ. शून्य पूर्णांक आठ. खाली सही केली, युलाली अलेक्सिस.