कोण घोरलं?

गंगाकाठच्या मुंगेरातल्या आश्रमात निवृत्त हेडमास्तर मिथिलेशबाबू बायकोसोबत योगनिद्रा शिकायला आले. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या संन्यासिनी माताजींच्या सूचना आडवं पडून ऐकायच्या होत्या. तास संपल्यावर ते उठून ऐटीत म्हणाले, "काय ध्यान लागलं! माताजींचा आवाजसुद्धा कानावर आला नाही."

"येईल कसा? तुमच्या घोरण्यात माझ्याही कानावर आला नाही," सुनयनादेवी म्हणाल्या.

माताजी हसल्या. "बाबूजी, आवाज हरवला की ती नुसती झोप. शरीराला झोपू द्या, आपण जागे राहा."

दुसऱ्या दिवशी बाबूंनी कंबर कसली. त्यांना पद्मासनात मन एका जागी रोखायची जुनी सवय. आडवं पडून त्यांनी उजव्या अंगठ्यावर मन असं रोवलं, की माताजींचा आवाज बोटं, मनगट, खांदा करत डाव्या पायावर पोचला, तरी बाबू अंगठ्यावरच!

"बसून करता ते ध्यान. तिथे मन धरायचं," माताजी म्हणाल्या. "इथे काहीच धरू नका. आवाज नेईल तिकडे निघायचं."

तिसऱ्या दिवशी बाबूंनी मन धरायचा नाद सोडला. आवाजामागून मन अंगभर फिरलं. हातपाय जड झाले, मग जणू नाहीसेच. तेवढ्यात कुणीतरी मंद घोरू लागलं. बाबूंना राग आला नाही, गंमत वाटली. माताजींचा शब्द न् शब्दही ऐकू येत होता.

उठल्यावर ते बायकोच्या कानाशी लागले, "अगं, आज कोण घोरत होतं?"

"तुम्हीच की!"

बाबू पोरासारखे ओरडले, "माताजी, मी ऐकलं! माझं घोरणं मी स्वतः ऐकलं!"